शेजारील सारणी वापरा

"खालील आकृतीत दिलेले माध्य व प्रमाण विचलन घेऊन, शेजारील सारणी वापरून छायांकित भागाचे क्षेत्रफळ काढा."

या वाक्याच्या खाली काही नसतं आणि शेजारीही काही नसतं. आकृतीच्या जागी एक राखाडी चौकोन असतो, आणि चौकोनाच्या मधोमध दोन डोंगर आणि एक सूर्य असलेलं बारकं चिन्ह. चित्र होतं, पण आता नाही, एवढंच ते चिन्ह सांगतं. पण तलासरीच्या एका विद्यार्थ्यानं त्याचा मन लावून अभ्यास केला आणि मला फोन केला.

"सर, डोंगर दोन आहेत. वक्ररेषा एकच असते ना?"

"अरे, ते डोंगर आकृतीतले नाहीत."

"मग सूर्य उजवीकडे आहे, म्हणजे छाया डावीकडे पडणार. डावीकडचं क्षेत्रफळ काढू का?"

मी डहाणूला स्टेशनजवळ संख्याशास्त्राच्या शिकवण्या घेतो आणि अधूनमधून तलासरीलाही जातो. या पोराची तर्कशक्ती पाहून मला अभिमान वाटावा की नोकरीच्या जाहिराती बघायला घ्याव्यात, हे त्या दिवशी ठरेना. विचार करण्यासारखं सगळं त्यानं केलं होतं, फक्त प्रश्नात प्रश्न नव्हता. आणि प्रश्नात प्रश्न नाही, ही गोष्ट माझ्या इतक्या वर्षांच्या धंद्यात एकाही विद्यार्थ्यानं स्वतःहून सांगितलेली नाही. 'सर, उत्तर येत नाही' असं सांगतात. 'सर, दिलेलंच काही नाही' असं म्हणत नाहीत.

प्रसामान्य वितरणावरच्या गणितांचा हा खास रोग आहे. चक्रवाढ व्याजाच्या गणितात मुद्दल, दर, मुदत हे सगळं वाक्यातच असतं. पान अर्धं फाटलं तरी सावकार सुटत नाही. इथे मात्र अर्धा माल चित्रात असतो. घंटेच्या आकाराची वक्ररेषा, तिच्या मधोमध माध्य, बाजूला प्रमाण विचलन, एक रेघोट्या मारलेला भाग, आणि शेजारी चार दशांश स्थळांची सारणी. चित्र गेलं की उरतं ते नुसतं 'काढा'.

चित्र जाण्याच्या तऱ्हाही पाहण्यासारख्या आहेत. आमच्याकडे अच्छाडच्या बाजूला गेलं की फोन आपला आपण गुजरातेत जातो आणि स्वागताचा संदेश घेऊन येतो. चित्र मात्र महाराष्ट्रात राहतं. ते टळलं तर झेरॉक्सची झेरॉक्स आणि तिची झेरॉक्स निघते. तिच्यात छायांकित भाग इतका छायांकित होतो की वक्ररेषेसकट सगळं पान काळं होतं, आणि क्षेत्रफळ विचाराल तर सरळ एक आहे. त्यातूनही वाचलं तर टायपिंगवाला असतो. त्याला मी विचारलं होतं, "आकृती का गाळली?" तो म्हणाला, "सर, आकृतीमुळे दीड पान होत होतं. तुमचेच पैसे वाचवले."

आणि पुस्तकांचं काय सांगू. सारणी छापायची जागा ठरलेली असते, पुस्तकाचं शेवटचं पान. हे ज्यानं कुणी पहिल्यांदा ठरवलं त्यानं आयुष्यात कधी जुनं पुस्तक हातात धरलं नसावं. वापरलेल्या पुस्तकाचं सगळ्यात आधी जे पान सुटतं ते शेवटचंच. मोठ्या भावाकडून धाकट्याकडे, धाकट्याकडून चुलत बहिणीकडे असा प्रवास केलेल्या गाईडमध्ये प्रकाशकाचं मनोगत जसंच्या तसं असतं, सारणी नसते. मनोगत कुणाला लागत नाही, म्हणून ते टिकतं.

असो. तो डोंगरवाला प्रश्न त्या पोरानं मला पाठवला तसा एका गटावरही टाकला. या गटात विद्यार्थी थोडे आणि हितचिंतक फार. प्रश्नाचा पहिला भाग सुदैवानं शब्दांत होता: z = १.२५ असताना क्षेत्रफळ किती? सारणी नाही, छाया कुठे आहे ते माहीत नाही. शहाण्या माणसानं इथे 'छाया कुठली?' असं विचारलं असतं. गटावर पाच मिनिटांत चार उत्तरं आली.

बँकेतून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, ०.३९४४. पुण्याला इंजिनिअरिंग करणारा कुणाचा तरी भाचा म्हणाला, ०.८९४४. एक बी.एड. झालेल्या बाई म्हणाल्या, ०.१०५६. आणि टायपिंगवाला, तोच तो, कॉम्प्युटरवर काढून म्हणाला, ०.१८२६, वर लिहिलं, "मशीनचं उत्तर आहे."

मग जे व्हायचं ते झालं. काकांनी बँकेतल्या सेवेची वर्षं सांगितली. भाच्यानं कॉलेजचं नाव सांगितलं. बाईंनी 'मी आदर राखून सांगते' असं म्हणून आदर सोडला. कुणीतरी मध्येच सूर्योदयाचं चित्र आणि सुविचार टाकला; ते चित्र मात्र तलासरीसकट सगळीकडे उघडलं.

गंमत अशी की पहिल्या तिघांचं बरोबर होतं. जगात प्रसामान्य वितरणाच्या सारण्या एकाच पद्धतीच्या नाहीत. एक सारणी मधल्या रेषेपासून, म्हणजे शून्यापासून z पर्यंतचं क्षेत्रफळ देते. आपल्याकडची बी.कॉम.ची मुलं बहुतेक हिच्यावर वाढतात, आणि पुष्कळदा प्रश्नाच्या शेवटी कंसात 'z = ० ते z = १.२५ मधील क्षेत्रफळ ०.३९४४' अशी तिचीच एक ओळ दिलेली असते. काका त्या घराण्याचे. दुसरी सारणी अगदी डाव्या टोकापासून z पर्यंतचं सगळं क्षेत्रफळ देते. तिच्यात डावा अर्धा भाग आधीच जमा असतो, म्हणून ०.५ अधिक ०.३९४४, म्हणजे ०.८९४४. भाचा तिकडचा. तिसरी सारणी z च्या पलीकडे उजवीकडे उरलेली शेपटी देते, ०.५ वजा ०.३९४४, म्हणजे ०.१०५६. बाई शेपटीवाल्या. (हे वाक्य मी गटावर लिहिलं नाही.)

चौथं उत्तर मात्र क्षेत्रफळच नव्हतं. टायपिंगवाल्यानं कॉम्प्युटरला असं विचारलं होतं:

```
=NORM.S.DIST(1.25,FALSE)
```

शेवटच्या त्या शब्दाच्या जागी `TRUE` टाकलं की डावीकडून क्षेत्रफळ मिळतं, ०.८९४४. `FALSE` टाकलं की त्या जागी वक्ररेषेची उंची मिळते, ०.१८२६. म्हणजे जमीन किती गुंठे ते विचारलं आणि यानं कुंपणाची उंची सांगितली. मी त्याला हे समजावून सांगितलं, तर म्हणाला, "सर, पण खोटं बोल म्हटल्यावर मशीन खरं कसं बोलेल?" यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

सारणी हातात असली तर ती कुठल्या घराण्यातली हे ओळखायला दोन नजरा पुरतात. वरच्या डाव्या कोपऱ्यात, ०.०० च्या समोर काय आहे ते पाहायचं. तिथे शून्य असेल तर ती मधून निघालेली. तिथे ०.५००० असेल तर थोडं खाली सरकायचं: आकडे वाढत गेले तर डाव्या टोकापासूनची, घटत गेले तर शेपटीची. आणि सारणी हातात नसून नुसतं कुणाचं उत्तर हातात असलं, तरी ०.५ पेक्षा मोठा आकडा पहिल्या आणि तिसऱ्या घराण्यात धन z साठी संभवतच नाही, एवढं कळतं. हे मी गटावर सविस्तर लिहिलं. चार अंगठे आले. चौघांनीही आपापलंच बरोबर ठरलं असा अर्थ घेतला होता.

त्या रात्री डोंगरवाल्या पोराचा फोन. "सर, मग मी काय लिहू?"

"छाया कुठे आहे ते कळल्याशिवाय काही लिहू नकोस."

"तिन्ही लिहिली तर?"

"तर तपासणारा तिन्ही खोडेल."

"एकाला तर मार्क द्यावेच लागतील ना?"

या भाबडेपणापुढे शास्त्र टेकतं.

सारणीचं दुःख मी एकवेळ सोसीन, कारण सारणी परत मिळवता येते. ती काही कुणाच्या घरचं गुपित नाही. क्रिस्टियान क्राम्प नावाच्या गणितज्ञानं १७९९ साली, वातावरणातून येताना ताऱ्यांचा प्रकाश वाकतो त्याचा हिशोब करताना, अशी पहिली सारणी हातानं गणून छापली. पुढे १९०३ साली शेपर्ड यांनी जास्त काटेकोर सारण्या दिल्या. आमची मुलं गाईडचं जे शेवटचं पान हरवतात त्याच्या मागे त्या माणसांची अशी बैठक आहे. आपण निदान एक तरी आकडा हातानं काढून पाहावा म्हणून मी तलासरीला जाताना एसटीत बसल्या बसल्या १.२५ चा काढला. रीत अशी: z लिहा; त्यातून z चा घन भागिले ६ वजा करा; पाचवा घात भागिले ४० मिळवा; सातवा घात भागिले ३३६ वजा करा; नववा घात भागिले ३४५६ मिळवा; आणि प्रत्येक टप्प्यावर आलेल्या बेरजेला ०.३९८९ ने गुणून पाहा.

पहिल्या टप्प्यावर ०.४९८६ आले. खूप जास्त. दुसऱ्यावर ०.३६८८, कमी. तिसऱ्यावर ०.३९९२, चौथ्यावर ०.३९३५, आणि पाचव्यावर ०.३९४४. शेजारी बसलेली भाजीवाली मावशी बराच वेळ माझ्या वहीत बघत होती. शेवटी तिनं विचारलंच, "जास्त-कमी, जास्त-कमी चाललंय... कुणाला पैसे द्यायचे आहेत का?" मी म्हटलं, नाही, क्षेत्रफळ काढतोय. "जमिनीचं?" तिनं एकदम आवाज खाली आणला आणि पिशवी माझ्यापासून दूर सरकवली. मोजणीवाल्या माणसाशी आमच्या भागात कुणी फार बोलत नाही.

ही रीत लहान z लाच चालते हे मात्र सांगून ठेवतो. z = ३ घेतलात तर पहिलं पद ३, मग ४.५, मग ६ च्या वर, मग साडेसहा. पदं लहान व्हायच्या आधी मोठी होत जातात आणि एसटी गुजरातेत पोचली तरी उत्तर स्थिरावत नाही. तिथे पाठ केलेलं बरं: एक प्रमाण विचलन दोन्हीकडे ६८ टक्के, दोन म्हणजे ९५, तीन म्हणजे ९९.७. एवढ्यावर अर्धं आयुष्य निघतं. माझं निघालं.

खरा घोळ होतो तो माध्य आणि प्रमाण विचलन चित्रात गेल्यावर. कारण ते आकडे कुठल्याही सारणीत मिळत नाहीत, क्राम्पलाही माहीत नव्हते. पोराचा दुसरा प्रश्न असा होता:

"घोलवडच्या एका बागेतील चिकूंची वजने प्रसामान्य वितरित असून माध्य व प्रमाण विचलन आकृतीत दिले आहे. १००० चिकूंपैकी (१) ११५ ग्रॅमपेक्षा जास्त वजनाचे (२) ८२ ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे किती?"

पुन्हा डोंगर आणि सूर्य.

हा प्रश्न कुणी तरी आमच्यावर प्रेमानं काढलेला होता. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून आमच्या भागातल्या कुठल्याही उदाहरणात आंबा आला की आम्हाला अपमान वाटतो. गटावरही सगळे चिकूनं भारावले. कालीपत्ती चांगली की दुसरी जात, यावर बारा संदेश झाले. माध्य कुठे आहे हे कुणी विचारलं नाही. भाच्यानं मात्र लगेच सूत्र लिहिलं:

z = (x − μ) / σ

आणि खाली लिहिलं, "आता फक्त किमती घाला." या 'फक्त'वर माझा राग आहे. तिजोरीची चावी हरवल्यावर 'आता फक्त उघडा' म्हणण्यातला प्रकार.

मी पोराला म्हटलं, "गाईडच्या मागे उत्तरं आहेत का बघ."

"आहेत सर. शेवटचं पान गेलंय, पण उत्तरं त्याच्या आदल्या पानावर आहेत." आणि त्यानं वाचून दाखवलं: "पहिल्याचं १०६."

"दुसऱ्याचं?"

"त्यावर चहा सांडलाय."

बरं. एक उत्तर तर एक उत्तर. हजारात १०६, म्हणजे ०.१०६ ची उजवी शेपटी. अर्ध्यातून वजा केली की मधून ०.३९४, आणि ते z = १.२५ जवळ बसतं. आकडा पूर्णांकात आणलेला असला तरी शंका नाही, कारण १.२४ ला १०७-१०८ आले असते आणि १.२६ ला १०४. म्हणजे ११५ वजा माध्य, भागिले प्रमाण विचलन, बरोबर १.२५. इथे मी थांबलो, कारण इथून पुढे रस्ता नाही. समीकरण एक, अज्ञात दोन.

हे मी गटावर लिहिलं आणि चूक केली असं म्हणणार होतो, पण चूक माझी नव्हे, गटाची. 'रस्ता नाही' हे वाक्य आपल्या लोकांना आव्हान वाटतं. काकांनी माध्य १०० आणि प्रमाण विचलन १२ घेतलं, उत्तर १०६. बाईंनी ९० आणि २० घेतलं, उत्तर १०६. भाच्यानं १०५ आणि ८; उत्तर १०६. तिघांचाही ताळा बरोबर. तिघांनीही 'पडताळून पाहिले आहे' असं लिहिलं. पडताळा खरा होता, पण तो अशा हजारो जोड्यांचा झाला असता. टायपिंगवाल्यानं माध्य ६५ आणि प्रमाण विचलन ४० घेतलं, तेही १०६ च.

त्याची जोडी मात्र मला आवडली, कारण ती पकडता येते. माध्य ६५ आणि विचलन ४० म्हणजे शून्य ग्रॅम हे माध्यापासून १.६२५ विचलन खाली. त्याच्याही खाली जवळजवळ पाच टक्के क्षेत्रफळ उरतं. म्हणजे हजारातले पन्नासेक चिकू असे, ज्यांचं वजन शून्यापेक्षाही कमी. मी त्याला विचारलं, "हे चिकू तराजूत टाकले तर पारडं वर जाईल का?" तो म्हणाला, "सर, ते पेटीत खाली भरायचे. पेटी हलकी होते, भाडं वाचतं."

माध्य प्रमाण विचलनाच्या तिप्पट-चौपट तरी असावं, एवढं वजन-उंचीच्या गणितात डोळ्यांनी पाहून घ्यावं, असं मी वर्गात सांगतो. त्यानं निव्वळ अशक्य ते गळतं. जे शक्य आहे त्यातलं खरं कुठलं, ते नाही कळत.

दोन दिवसांनी डोंगरवाल्या पोराचा पुन्हा फोन. दुसऱ्या कुणाच्या तरी गाईडमध्ये ते उत्तर मिळालं होतं. तिथे शेवटची चार पानं गेली होती, पण हे पान कव्हरला चिकटून वाचलं होतं. दुसऱ्याचं उत्तर ६७.

आता रस्ता झाला. हजारात ६७, म्हणजे ०.०६७ ची शेपटी; मधून ०.४३३, z १.५. मी म्हटलं, "सोडव बघू आता." त्यानं सोडवलं आणि रात्री साडेदहाला आनंदानं कळवलं: "सर, माध्य २८० ग्रॅम आणि प्रमाण विचलन उणे १३२!"

मी डोळे मिटून घेतले. पाव किलोच्या वरचा चिकू घोलवडला होत असता तर मानांकनाला इतकी वर्षं कशाला लागली असती. आणि प्रमाण विचलन उणे येऊच शकत नाही. ते अंतर आहे, वर्गमूळातून धन निघालेलं. पण चूक इतकी सरळ होती की तिच्यावर रागावता येईना. ११५ पेक्षा जास्त असलेले अर्ध्याहून कमी, म्हणजे ११५ मध्याच्या उजवीकडे. तिथे z अधिक १.२५. पण ८२ पेक्षा कमी असलेले अर्ध्याहून कमी, म्हणजे ८२ डावीकडे, आणि तिथे z उणे १.५. सारणीत उणे छापलेलं नसतं, म्हणून त्यानं लिहिलं नव्हतं. सारणी फक्त अंतर सांगते, बाजू आपण आकृतीवरून ठरवायची. आणि आकृतीच तर नव्हती.

"उणे लाव," मी म्हटलं.

तो गप्प. मग कागदाचा आवाज. मग: "११५ आणि ८२ मध्ये ३३ चा फरक. z मध्ये पावणेतीनचा. ३३ भागिले २.७५... बारा!"

"आणि माध्य?"

"८२ अधिक दीड गुणिले बारा... शंभर. सर, काकांचं बरोबर होतं!"

हो, काकांचं बरोबर होतं. त्यांनी अंदाजानं शंभर धरले होते, कारण शंभर आकडा त्यांना बँकेपासून आवडतो. पण बरोबर ते बरोबर. दुसऱ्या दिवशी त्यांनी गटावर लिहिलं, "अनुभवाला पर्याय नाही." अंगठे चौदा.

जर्मनीत पूर्वी दहा मार्कांची एक नोट होती, १९९१ पासून चलनात. तिच्यावर गाउस या गणितज्ञाचं चित्र, आणि त्याच्या शेजारी हीच घंटेसारखी वक्ररेषा, सूत्रासकट छापलेली. म्हणजे तिथल्या विद्यार्थ्याची आकृती हरवली तर त्यानं नुसतं पाकीट उघडायचं. युरो आल्यावर ती नोटही गेली. आमच्या दहाच्या नोटेवर कोणार्कचं चाक आहे. ते घेऊन पोरं उद्या मला विचारतील, "सर, आऱ्या किती, त्यावरून सिग्मा काढू का?"

शेवटी महिनाभरानं कुणीतरी मूळ चित्र पाठवलंच. माध्य १००, प्रमाण विचलन १२, सगळं तसंच. शेजारी सारणी होती, पण ती शेपटीची होती. बाईंनी गटावर काही लिहिलं नाही. नुसता हात जोडल्याचं चिन्ह टाकलं, ते मला उगाचच उद्देशून वाटलं.

पोराचे वडील घोलवडकडच्या बागांत चिकूची प्रतवारी करतात. मागच्या आठवड्यात फीचा विषय काढायला मी भेटलो, तेव्हा पोरानं हौसेनं सगळं गणित त्यांना समजावून सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते, हातानं काम चालू. न बघता एक चिकू डावीकडे, दोन मध्ये, एक उजवीकडे.

"हजारात १०६ मोठे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि ६७ बारके."

"हो बाबा."

"मग बाकीचे ८२७?"

"ते मधले. ते विचारले नाहीत."

"मधल्यांवरच तर घर चालतं," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "मास्तर, फीचं असं करू. ते ६७ बारके तुम्ही घेऊन जा. आपण वळते करू."

मी म्हटलं, मोठ्यांचं काय?

"ते दिल्लीला जातात."

मग आमची घासाघीस सुरू झाली. मी ८२७ वर अडून बसलो, ते ६७ वरून हलेनात. पोरगा मध्ये पडला आणि म्हणाला, दोघांचं माध्य काढा.